पोहून आल्यावर कानात पाणी अडकलंय, खाज होती, आता ठणका. काय करावं?

सायली_दादर

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात शिवाजी पार्कच्या तरण तलावावर सकाळची बॅच लावली आहे. पोहणं बऱ्यापैकी जमायला लागलंय, पण उजव्या कानाने वैताग आणलाय. सुरुवातीला नुसतं पाणी गेल्यासारखं वाटायचं. दोन-चार उड्या मारल्या, मान वाकडी केली की बरं वाटायचं. मग खाज सुटायला लागली, गोड खाज म्हणतात तशी. बड्स फिरवले की तेवढ्यापुरतं स्वर्गसुख, अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

परवापासून मात्र ठणकतोय. त्या कुशीवर झोपता येत नाही. कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, ऐकूही कमी येतंय. तलावावर गेले नाही तरी पाणी आतच आहे असं वाटतं, निघतच नाहीये. सासूबाई लसूण घालून कोमट केलेलं तेल टाकू म्हणतायत. नवऱ्याने गेल्या वर्षीची ड्रॉप्सची अर्धी बाटली शोधून काढली आहे. दोघांनाही थोपवून धरलंय. हे पाणी बाहेर कसं काढायचं?

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी

तेल, लसूण... मोहरी आणि हिंग तेवढे राहिले. फोडणी पूर्ण करून मगच डॉक्टरकडे जा :)

मुलुंडचा_मुलगा

ही बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत कानाचं दुखणं म्हणजे शंभरातल्या नव्वदांना बुरशीच असते. मला मागच्या पावसाळ्यात झाली होती. मेडिकलवाल्याकडून बुरशीचे ड्रॉप्स आण, चार दिवसांत साफ. आणि कानात गेलेलं पाणी पडद्याच्या आत जातं, तिथे साचतं, म्हणून बाहेर येत नाही. नाक दाबून जोरात फुंकर मार, हवेच्या दाबाने निघेल.

शिट्टीवाले_सर

पंचवीसेक वर्षं मुलांना पोहायला शिकवतोय, त्यामुळे पाणी काढण्यापुरतं सांगू शकतो. उड्या मारून फारसं होत नाही आणि पायऱ्यांच्या ओल्या फरशीवर घसरून पडणारे मात्र पाहिले आहेत. टॉवेल पसरून कान खाली येईल असं कुशीवर पडायचं. वरच्या हाताने कान मागे आणि वरच्या बाजूला हलकेच ओढायचा, त्याने आतली वाकडी नळी सरळ होते. लहान मूल असेल तर मागे आणि खालच्या बाजूला. जबडा चावल्यासारखा हलवायचा. मिनिटभरात ऊबदार पाणी बाहेर आल्याचं जाणवतं. मग टॉवेलचं टोक फक्त बाहेरून फिरवायचं, बोट जिथपर्यंत जातं त्याच्या आत काही नाही.

घरी हेअर ड्रायर असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर, हातभर लांबून, सतत हलवत. एका जागी धरायचा नाही.

पण सायलीताई, हे सगळं पोहून झाल्याबरोबर करायचं. तुमचा कान आता ठणकतोय म्हणजे गाडी त्या स्टेशनच्या पुढे गेली आहे. आता ओढाओढ करू नका.

गाळणी

तलावाच्या पाण्याकडे कोणी बघणार आहे का? मी एका क्लबच्या फिल्टर प्लँटवर काम करतो. मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान असलं की पाण्यातले जंतू आटोक्यात राहतात. मे महिन्याच्या उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन भराभर उडून जातं. भर दुपारी मुलांचं शिबिर असलं तर विचारूच नका. सकाळी मोजलेला आकडा संध्याकाळच्या बॅचला लागू होत नाही. रोज किती वेळा तपासता, एवढं विचारायला हरकत नसते. फलक लावलेला असतो, पण त्यावरची तारीख वाचा.

कर्णपिशाच्च

नावावर जाऊ नका, कान-नाक-घसा हाच माझा धंदा आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण सायली यांनी लिहिलेला क्रम बोलका आहे: आधी ओल, मग खाज, मग बड्स, मग ठणका. ओपीडीत मे-जूनमध्ये हीच गोष्ट रोज ऐकतो.

पहिली गोष्ट म्हणजे आत आता पाणी नाही. कानात अडकतं ते पाणी काही थेंबांचं, शरीराच्या उष्णतेने ते फार काळ टिकत नाही. पोहणं बंद करूनही दडे सुटत नसतील तर अडकलेली वस्तू वेगळी आहे. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि सातेक मिलिमीटर रुंद असते. तिची कातडी चहूबाजूंनी दोन मिलिमीटर सुजली तरी उरलेली फट केवढी, करा हिशोब. त्या फटीत सुटलेली मेलेली कातडी आणि स्राव जमला की नेमकं 'पाणी अडकलंय' असंच वाटतं. मग माणूस ते पाणी काढायला उड्या मारतो, बड्स घालतो, फुंकर मारतो आणि सुजलेल्या कातडीला आणखी त्रास देतो.

मुलुंडकर, पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी पडद्याच्या आत जातच नाही. त्यामुळे नाक दाबून फुंकल्याने बाहेरच्या नळीतलं काही निघण्याचा प्रश्नच नाही. हवा पडद्याच्या आतल्या बाजूला जाते.

घरी एक खूण बघता येते. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला कूर्चेचा छोटा उंचवटा असतो. तो बोटाने दाबा, मग कान धरून हलकेच वर ओढा. कळ आली तर दुखणं बहुतेक नळीच्या कातडीत आहे. पडद्याच्या आतल्या दुखण्यात सहसा या दाबण्या-ओढण्याने फरक पडत नाही आणि आधी सर्दी झालेली असते.

सायली_दादर

दाबून पाहिलं. ब्रह्मांड आठवलं.

ईशानची_आई

माझ्या मुलाचाही कान दुखतो. साडेतीन वर्षांचा आहे. चार दिवस सर्दी होती, काल रात्री अचानक कान धरून रडायला लागला, ताप १०१. पोहायला वगैरे कधी गेलेला नाही, पण आंघोळीत डोक्यावरून पाणी घालते. तेच पाणी अडकलं असेल का? सरांनी सांगितल्याप्रमाणे कुशीवर झोपवून कान ओढू का?

कर्णपिशाच्च

ईशानची आई, तुमचं दुखणं वेगळं आहे, या धाग्यातलं काहीही करू नका. सर्दीनंतर रात्री उठणारा ठणका आणि ताप ही पडद्यामागची गोष्ट असते, आंघोळीच्या पाण्याचा संबंध नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानात थेंबभरही काही घालू नका.

ईशानची_आई

धन्यवाद डॉक्टर. संध्याकाळची वेळ घेतली आहे.

वसुधाताई

कानात काही घालू नये हे मी आमच्या आईकडून ऐकत आले, पण खाज सुटली की राहवतं कुठे? मी हेअरपिनच्या मागच्या गोल बाजूने कोरते. चाळीस वर्षांत काही झालं नाही. चौपाटीवर लाल फेट्यावाले कान साफ करणारे असायचे, आमचे हे दर रविवारी त्यांच्याकडे बसत. त्यांचेही कान ठणठणीत. हल्लीच्या पिढीचे कानच नाजूक.

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी

वसुधाताई, काका ठणठणीत की तुम्ही बोलता ते त्यांना ऐकू येत नाही म्हणून शांत?

वसुधाताई

मेल्या :)

कर्णपिशाच्च

वसुधाताई पोहत नाहीत, हा मोठा फरक आहे. कोरड्या कानाला कोरणं कधीकधी खपून जातं. ओल्या कानाला खपत नाही.

कानातला मळ ही घाण नाही. तो चिकट असतो, थोडा आम्लधर्मी असतो आणि पाणी धरून ठेवत नाही. कातडीवर त्याचा पातळ थर असेतो जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ सोबत घेऊन येते, म्हणून बहुतेकांचा कान आपोआप साफ होतो. बड्सने आपण त्याला उलट दिशेने ढकलतो.

रोज तास-दीड तास पाण्यात राहिलं की हा थर धुपतो आणि कातडी फुगून मऊ पडते. वरून बड्स फिरला की बारीक ओरखडे उठतात. नळीच्या आतल्या दोन तृतीयांश भागात कातडीखाली थेट हाड असतं, कातडी अगदी पातळ. तिथे ओरखडा उठायला जोर लावावा लागत नाही. मग स्यूडोमोनास नावाचा जंतू, ज्याला ओल मनापासून आवडते, किंवा आपल्याच कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस आत शिरतो. गाळणी म्हणतात ते पाण्याचं सगळं खरं, पण अगदी चोख क्लोरीन असलेल्या तलावात पोहूनही हे होतं, कारण जंतू आपल्या अंगावरचाही पुरतो.

मुलुंडचा_मुलगा

बरं, पडद्याचं मान्य. पण मला बुरशीच होती, डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्क्रीनवर दाखवली होती. मग सायलीला नसेल कशावरून?

कर्णपिशाच्च

असू शकते, म्हणूनच आत बघावं लागतं. बुरशीत सहसा खाज जास्त, ठणका कमी. आत पांढरा-करडा ओला लगदा दिसतो, कधी त्यावर काळे ठिपके. मुंबईच्या पावसाळ्यात आम्ही भरपूर बघतो, इतपत तुमचं बरोबर. नव्वद टक्के मात्र नाही. दाबल्यावर ब्रह्मांड आठवतं तेव्हा पहिला संशय जंतूंवर जातो. दोन्ही एकत्रही असतात. आणि एक उलटी गोष्ट: प्रतिजैविकाचे ड्रॉप्स मनाने आठवडेच्या आठवडे घातले की जंतू मरतात, मैदान मोकळं होतं आणि बुरशी वाढते. 'आधी बरं वाटलं, मग पुन्हा खाज' म्हणून येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात.

नाखवा

वर्सोव्याचा आहे. पोरपणापासून खाडीत आणि समुद्रात डुबक्या, कधी कानाला काय झालं नाही. तलावातलं औषध घातलेलं पाणीच वाईट. समुद्राचं खारं पाणी कानाला चांगलं.

गाळणी

नाखवा, वर्सोव्याच्या समुद्रात नाल्यांमधून काय काय येतं हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. तरी खारं पाणी चांगलं?

नाखवा

ते पण खरंच म्हणा. हल्ली आम्ही पण तिथे डुबत नाही.

ऋजुता_विलेपार्ले

माझी मुलगी स्पर्धांना पोहते. तिच्या जुन्या प्रशिक्षकांनी एक मिश्रण सांगितलं होतं. पांढरं व्हिनेगर आणि रबिंग अल्कोहोल निम्मं-निम्मं, पोहून आल्यावर दोन्ही कानांत तीन-चार थेंब, अर्धा मिनिट थांबून कान उलटा करायचा. तिला त्याने खरंच फरक पडला, पूर्वी दर मोसमात कान धरायचा. सायली, करून बघ.

शिट्टीवाले_सर

ऋजुताताई, थांबा. सायलीताईंना हे आत्ता नको. सोललेल्या कातडीवर अल्कोहोल म्हणजे तिखट.

कर्णपिशाच्च

सरांना अनुमोदन. मिश्रण जुनं आहे आणि त्यात तथ्य आहे. अल्कोहोल ओल उडवतं, व्हिनेगर कातडी पुन्हा आम्लधर्मी करतं. जुन्या सरकारी ओपीडीत बोरिक आणि स्पिरिटचे थेंब मिळत, तेही त्याच विचाराचे. पण ते निरोगी कानासाठी, दुखणं होऊ नये म्हणून. कान दुखत असेल, वाहत असेल, पूर्वी कधी पडदा फाटलेला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा मुलाच्या पडद्यात नळी बसवलेली असेल, तर अजिबात नाही. पडद्याला भोक असलं तर ते आत जातं आणि तिथे त्याचं काम नाही. स्वतःचा पडदा शाबूत आहे हे कोणी एकदा बघून सांगितलेलं असेल तरच या वाटेला जा.

नवऱ्याच्या गेल्या वर्षीच्या बाटलीलाही हेच लागू. कानाच्या काही ड्रॉप्समध्ये जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. पडद्याला भोक असताना ती आत गेली तर आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याला आणि तोलाला, इजा होऊ शकते. निओमायसिनची काहींना ॲलर्जीही येते, मग कान आणखी सुजतो आणि रुग्ण म्हणतो, औषध कमी पडलं, वाढवा. शिवाय उघडलेली बाटली सहसा महिन्याभरात टाकून द्यायची असते.

लसणाच्या तेलाबद्दल एवढंच की गरम तेलाने भाजलेली नळी मी पाहिली आहे. कोमट असलं तरी ते आतला कचरा भिजवून ठेवतं आणि तपासताना आम्हाला काही दिसत नाही. सासूबाईंना कापडातून शेक द्यायला सांगा. कानाबाहेरून, सोसेल इतकाच. दुखणं हलकं होतं आणि त्यांचंही समाधान.

परागकण

हा धागा बघून राहवलं नाही. माझे वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. पोहण्याचा संबंध नाही, पण कानात पाणी गेलं म्हणून बड्सने कोरत असत. कान दुखायला लागला. आधी घराजवळच्या दवाखान्यात ड्रॉप्स दिले, मग दुसरे ड्रॉप्स, मग कान पिचकारीने धुतला. ठणका रात्री वाढायचा, झोपच नाही. बाहेरून कान फार सुजलेलाही नव्हता, म्हणून आम्हाला वाटायचं वयामुळे कुरकुरतायत. एक दिवस चहा पिताना तोंडाच्या एका कोपऱ्यातून चहा गळायला लागला. चेहरा एका बाजूला वाकडा. लकव्याच्या भीतीने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. स्कॅनमध्ये निघालं की संसर्ग नळीतून कवटीच्या हाडात उतरलाय. दीड-दोन महिने प्रतिजैविकं चालली. आता बरे आहेत, पण चेहरा पूर्ण सरळ झालेला नाही.

कर्णपिशाच्च

परागकण, लिहिलंत ते बरं झालं. मधुमेही, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांत हे होतं, आणि फसवतं ते असंच: बाहेरून फारसं काही दिसत नाही आणि दुखणं मात्र दिसण्याच्या मानाने फार जास्त, विशेषतः रात्री. अशा माणसाच्या कानाचं दुखणं थेंबांवर आठवडाभर लांबवायचं नाही. त्यांचा कान पाण्याच्या पिचकारीने धुवायचाही नाही. तो सक्शनने, बघत बघत, कोरडा साफ करायचा.

मुलुंडचा_मुलगा

माझ्या आईला शुगर आहे आणि तीही कान कोरते. आज घरातले सगळे बड्स फेकले. आई शोधते आहे, मी गप्प बसलोय.

वसुधाताई

हेअरपिन तर आहेत ना तिच्याकडे?

सायली_दादर

आज दाखवून आले. घराजवळच्या ईएनटींकडे गेले. (वडापाव, फोडणी न देता.) सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

मधुमेह, आधीची कानाची दुखणी, पडदा कधी फाटला होता का, हे आधी विचारलं. मग आत बघितलं. म्हणाल्या, नळी एवढी सुजली आहे की पडदा दिसतच नाहीये. ओला पांढरट कचरा होता, तो बारीक नळीच्या सक्शनने ओढून काढला. आवाज भयंकर येतो, थोडं गरगरलं, पण काढल्याबरोबर दडे अर्धे सुटले! कर्णपिशाच्च, पाण्याचा एक थेंब निघाला नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

सुजेमुळे ड्रॉप्स खोलवर पोचणार नाहीत म्हणून त्यांनी आत बारीक वात बसवली. ती थेंब शोषून घेते आणि कातडीला औषध लागत राहतं. दोन दिवसांनी काढायला बोलावलंय. ड्रॉप्स सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोनचे, दिवसातून दोनदा. गोळी फक्त दुखण्याची. मीच विचारलं, प्रतिजैविकाची गोळी नको का? म्हणाल्या, संसर्ग कातडीपुरता आहे. थेंबातून तिथे औषध जेवढं पोचतं तेवढं गोळीने पोचत नाही. कानाबाहेर लाली पसरली किंवा ताप आला तर वेगळा विचार करू. पोहणं बंद, आंघोळीला कान कोरडा ठेवायचा.

शिट्टीवाले_सर

आंघोळीला कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हॅसलीन चोपडून कानाच्या तोंडाशी लावा, आत कोंबू नका. आंघोळ झाली की लगेच काढा. दिवसभर बोळा ठेवला तर आत दमट होतं, पुन्हा तेच. आणि लोकलमध्ये त्या कानात इअरफोनही नको.

सायली_दादर

इअरफोनशिवाय लोकल? औषधापेक्षा हे पथ्य कडक आहे. बरं, ड्रॉप्स टाकल्यावर गरगरतं, ते नॉर्मल का? काल टाकले तेव्हा पलंग फिरला.

कर्णपिशाच्च

फ्रिजमधून काढून टाकलेत का? गार थेंबाने कानातल्या तोलाच्या यंत्रणेला धक्का बसतो. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा. कुशीवर पडा, दुखरा कान वर. थेंब नळीच्या भिंतीवरून सोडा म्हणजे आतली हवा बाहेर येते. वात असेल तर वातीवर. मग पुढचा उंचवटा हलकेच दाबून सोडा, सोसवेल तेवढंच, आणि पाचेक मिनिटं तसंच पडून राहा. उभ्याने टाकून लगेच कामाला लागलं तर निम्मं औषध मानेवर येतं. 'ड्रॉप्सचा गुण येत नाही' म्हणणाऱ्यांना टाकून दाखवा म्हटलं की बऱ्याचदा इथेच सापडतं.

दोन-तीन दिवसांत दुखणं स्पष्ट कमी व्हायला हवं. नाही झालं तर वाट न बघता परत जा: कचरा पुन्हा साठलेला असतो, बुरशी असते किंवा ॲलर्जी. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच ड्रॉप्स सोडू नका, सांगितलेत तितके दिवस टाका.

सायली_दादर

फ्रिजमध्येच ठेवली होती, दाराच्या कप्प्यात, टोमॅटो सॉसशेजारी. बाहेर काढली.

ऋजुता_विलेपार्ले

आता इअरप्लगचं बोला. मुलगी सिलिकॉनचे घालते आणि वरून टोपी. दुसऱ्या एका पालकांच्या डॉक्टरांनी मात्र प्लग बंद करायला सांगितले. नक्की काय?

शिट्टीवाले_सर

माझा अनुभव मिश्र आहे. मऊ सिलिकॉनचे, कानाच्या तोंडावर बसणारे बरे. आवाज बंद करण्यासाठी विकतात ते फोमचे प्लग पाण्यात शोषून घेतात, ते नको. टोपी कानावरून ओढली तर थोडं पाणी अडतं, पूर्ण नाही. आणि प्लग घालून सूर मारायचा नाही, हे मुलांना ओरडून सांगावं लागतं.

कर्णपिशाच्च

मी सरसकट देत नाही. प्लग घालता-काढता कातडी घासली जाते आणि थोडं पाणी आत शिरलंच तर तो ते कोंडून धरतो. वारंवार त्रास होणाऱ्याला मापाचे करून देतो. माझ्या शेजारच्या केबिनमधले सहकारी बऱ्याच पोहणाऱ्यांना देतात आणि त्यांचे रुग्णही खूश असतात. यावर आमचे दुपारच्या चहाला वाद होतात, त्यामुळे इथे निकाल लागायचा नाही.

नाखवा

आमच्याकडे पोरं तोंडाने कानात हवा फुंकून घ्यायची एकमेकांकडून. पाणी सुकतं म्हणे.

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी

नाखवा, कृपया हा उपाय ठाणे लोकलमध्ये कोणी करू नये.

मुलुंडचा_मुलगा

डॉक्टर, एक शंका. मला पोहल्यावर लगेच दडे बसतात, दुखत नाही, खाजत नाही, अगदी अचानक बंद. दर वेळी तोच डावा कान. तेही सूजच का?

कर्णपिशाच्च

अचानक, न दुखता, पाण्यातून बाहेर येताच कान बंद, तर आधी मळाचा गोळा आठवतो. तो पाणी पितो, फुगतो आणि उरलेली फट बंद करतो. बड्सने ढकलून तो आत बसवलेला असतो. तुमच्याकडचे फेकलेले बड्स फक्त आईचेच होते का?

मुलुंडचा_मुलगा

...दाखवून येतो.

सायली_दादर

वात काढली. सूज उतरली आहे, पडदा दिसला, शाबूत आहे. दाबल्यावर थोडं दुखतं, ब्रह्मांड वगैरे नाही. आठवडा-दहा दिवस तरी पाण्यात उतरायचं नाही आणि त्याआधी एकदा दाखवायचं, असं सांगितलंय. बॅच महिन्याअखेरीला संपते, म्हणजे उरलेले पैसे पाण्यात. पावसाळी बॅचला ओळखीचं कोणी जातंय का? आणि डोकं पाण्यावर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक केला तर चालेल का, सर?

शिट्टीवाले_सर

डोकं वर ठेवून पोहलात तर कान वाचेल आणि मान धरेल. दहा दिवस काठावर बसून पायांचा सराव करा, तेवढं मी शिकवतो.